दिवाळी सेलचं उद्घाटन: माइक हातात घेऊन नेमकं काय बोलायचं?



व्हिडिओत आपण सेलच्या उद्घाटनाचं भाषण बोलून बघितलं. पण खूप जणांना ते लिहून हवं होतं, म्हणून हा धडा. यात तयार भाषण आहेच, पण त्याआधी थोडा हिशोब आहे. तो सोडून थेट भाषणावर उडी मारू नका. का ते आधी सांगतो.

माझ्याकडे शिकायला येणारे एक कापड दुकानदार आहेत. एका दसऱ्याला त्यांनी दुकानासमोर छोटासा मांडव घातला, झेंडूची तोरणं लावली, गर्दी छान जमली. बोर्डवर लिहिलं होतं, "निवडक साड्यांवर २० टक्के सूट". पण माइक हातात आला, समोर ओळखीचे चेहरे दिसले, टाळ्या पडल्या आणि जोशात तोंडून गेलं, "आज आपल्या संपूर्ण दुकानात २० टक्के सूट!" समोर दहा-बारा मोबाइल रेकॉर्डिंगला लागलेले. अर्ध्या तासात तो व्हिडिओ गावातल्या ग्रुपवर फिरला. दुपारी एक ताई पैठणी घेऊन काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच तर बोललात." आता काय करणार? नाही म्हणावं तर शब्द जातो, हो म्हणावं तर पैसे जातात. त्यांनी शब्द राखला. त्या दिवशी गल्ला भरलेला दिसत होता, पण रात्री हिशोब केला तेव्हा काही बिलांवर खरेदीची किंमतसुद्धा सुटली नव्हती.

म्हणजे भाषण चांगलं झालं, गर्दीही झाली, पण एक शब्द चुकला. "निवडक"च्या जागी "संपूर्ण". तेव्हा पहिली गोष्ट लक्षात घ्या. उद्घाटनाचं भाषण म्हणजे गावासमोर दिलेलं वचन आहे. त्यातला प्रत्येक आकडा आधी वहीत उतरलेला असला पाहिजे.

आधी वही, मग माइक

आपण एक दुकान डोळ्यासमोर धरू. तालुक्याच्या गावातलं, नवरा-बायको चालवतात, मदतीला दोन मुली. साड्या, ड्रेस मटेरियल, लहान मुलांचे कपडे. समजा एक साडी त्यांना १००० रुपयांना पडते आणि ते १४०० ला विकतात. जीएसटी आणि दुकानाचा खर्च सध्या बाजूला ठेवू, म्हणजे हिशोब सोपा राहील. एका साडीमागे सुटतात ४०० रुपये.

आता २० टक्के सूट दिली. १४०० चे २० टक्के म्हणजे २८०. साडी गेली ११२० ला. सुटले फक्त १२० रुपये. सूट २० टक्के दिली, पण नफा ७० टक्क्यांनी कमी झाला! कारण सूट विक्रीच्या किमतीवर मोजली जाते आणि जाते मात्र पूर्णपणे तुमच्या नफ्यातून. एरवी दिवसाला १० साड्या विकून ४००० सुटत होते. तेवढेच सुटायला आता ३४ साड्या विकाव्या लागतील. तुमच्या दुकानात एका दिवसात ३४ साड्या दाखवायला, घड्या घालायला आणि बिल करायला माणसं आहेत का? हा प्रश्न माइक हातात घेण्याआधी विचारायचा.

दुसरी सगळ्यांची आवडती ऑफर म्हणजे "दोनवर एक मोफत". ऐकायला किती गोड! करून बघा हिशोब. तीन साड्यांची खरेदी ३०००. गिऱ्हाईक देणार दोन साड्यांचे २८००. प्रत्येक सेटमागे २०० रुपये खिशातून. जितकी विक्री जास्त, तितका तोटा जास्त. ज्यांची खरेदी विक्रीच्या निम्म्याच्या आसपास असते, त्यांना ही ऑफर परवडते. आपल्या या दुकानाला परवडत नाही.

मग काय द्यायचं? या दुकानासाठी आपण तीन ऑफर ठरवू आणि प्रत्येकीचं काम वेगळं ठेवू.

पहिली, नव्या मालावर दर ३००० रुपयांच्या खरेदीला ३०० रुपये कमी. हिचं काम बिल मोठं करणं. ३००० च्या मालाची खरेदी साधारण २१४३ रुपये, म्हणजे एरवी सुटतात ८५७. त्यातून ३०० गेले तरी ५५७ हातात राहतात. आणि गंमत बघा, २६०० चं बिल झालेलं गिऱ्हाईक आपणहून म्हणतं, "अजून काहीतरी चारशेचं दाखवा." सूट जास्तीत जास्त १० टक्के पडते. ४५०० चं बिल झालं तर ती साडेसहा-सात टक्क्यांवरच येते.

"दर ३००० ला" हे शब्द मुद्दाम घेतलेत. नुसतं "३००० च्या वर ३०० सूट" म्हटलं की ६००० ची खरेदी करणारं गिऱ्हाईक म्हणतं, "दोन बिलं करा." काउंटरवर वाद, मागे रांग. त्यापेक्षा आधीच सांगून टाका, सहा हजारांना सहाशे. तुमचा टक्का तोच राहतो आणि वाद मिटतो.

दुसरी, लाल स्टिकरच्या मालावर सरळ ३० टक्के. हा गेल्या हंगामातला पडून राहिलेला माल. १४०० ची साडी जाईल ९८० ला, म्हणजे नगामागे २० रुपयांचा तोटा. पण हा तोटा तुम्ही डोळे उघडे ठेवून घेताय. हजार रुपये कपाटात घडी घालून पडलेत, ते मोकळे होतात आणि लग्नसराईचा माल भरायला कामी येतात. अट एकच, असे नग मोजून ठेवा. समजा १५० आहेत. म्हणजे जास्तीत जास्त किती तोटा होईल हे आजच कळलं, अंदाजे तीन हजार.

तिसरी, कोजागिरीपर्यंत १५०० च्या वरच्या नव्या साडीला फॉल-पिको मोफत. तुम्हाला एका साडीला समजा ८० रुपये खर्च येतो. ताईंना मात्र हे काम कुठेतरी करून घ्यायचंच असतं, म्हणून त्यांच्या मनात याची किंमत ८० पेक्षा जास्त असते. मुदत कोजागिरीपर्यंतच का? फॉल-पिको करणाऱ्या मावशी दिवसाला १५ साड्या करतात म्हणून. धनत्रयोदशीपर्यंत ही ऑफर चालू ठेवली, तर शेवटच्या दोन दिवसांत आलेल्या साठ साड्या भाऊबीजेच्या आधी कोण करून देणार? दसऱ्यापासून कोजागिरी पाचच दिवसांवर असते, म्हणजे काम आवाक्यात राहतं. वर गिऱ्हाईक दिवाळीच्या गर्दीआधीच खरेदी उरकतं, हा आणखी एक फायदा.

आता पहिली आणि तिसरी ऑफर एकत्र लागली तर? १५०० च्या वरच्या दोन साड्या घेतल्या, बिल ३००० च्या थोडं वर. ८५७ मधून ३०० गेले, फॉल-पिकोचे १६० गेले, तरी जवळपास ४०० उरतात. चालेल. पहिली आणि दुसरी एकत्र लागली तर? नाही चालणार, लाल स्टिकरवर आधीच तोटा आहे. म्हणजे ही अट भाषणात यायलाच हवी. बघा, भाषणातलं वाक्य कसं वहीतून तयार होतं!

भाषणाचा क्रम

उभं राहून, सणाच्या दिवशी, पोरंबाळं सोबत असताना लोक दोन-तीन मिनिटं ऐकतात. माइकवर सावकाश बोलायचं तर तेवढ्या वेळात अडीचशे-तीनशे शब्द मावतात. त्यामुळे क्रम घट्ट हवा.

सुरुवात स्वागताने आणि सणाच्या शुभेच्छांनी. मग ज्यांच्या हस्ते दिवा लागला त्यांचा मान. मग लगेच ऑफर, "पहिली, दुसरी, तिसरी" असं मोजून. त्यानंतर मुदत आणि बदलून देण्याचा नियम. शेवटी दुकानात कुठे काय आहे ते सांगून आत बोलावणं. दुकानाचा इतिहास, वडिलांनी सायकलवर कापड विकलं ती आठवण, हे सगळं मनाजवळचं असतं मान्य, पण ते वर्धापनदिनाला ठेवा. आज एका वाक्यात आलं तर पुरे.

आता पूर्ण भाषण वाचा. मोठ्याने वाचा, कारण हे डोळ्यांसाठी लिहिलेलं नाही, जिभेसाठी लिहिलंय.

तयार भाषण

"नमस्कार मंडळी! सगळ्यांना दसऱ्याच्या मनापासून शुभेच्छा. घरची पूजा, नैवेद्य, सगळं आटोपून तुम्ही सणाच्या दिवशी आमच्या दारात आलात, तुमचं स्वागत आहे.

आज दिवा आपल्या काकूंच्या हस्ते लागला. दुकान उघडलं त्या पहिल्याच आठवड्यात काकूंनी आमच्याकडून साडी घेतली होती, आणि आज त्या नातीसाठी फ्रॉक बघायला आल्यात. काकू, असाच आशीर्वाद राहू द्या.

आता कामाचं बोलतो. आजपासून आपल्या दुकानात दिवाळी सेल सुरू होतोय. ऑफर तीनच आहेत.

पहिली ऑफर. नव्या मालावर तीन हजारांच्या खरेदीला तीनशे रुपये कमी. तीन हजारांना तीनशे, सहा हजारांना सहाशे. साडी, ड्रेस मटेरियल, मुलांचे कपडे, सगळं मिळून बिल झालं तरी चालेल. फक्त पैठणी आणि शाळेचे गणवेश यात धरलेले नाहीत.

दुसरी ऑफर. उजव्या हाताच्या टेबलावर लाल स्टिकर लावलेला माल आहे. हा गेल्या हंगामातला आहे, माल चांगला आहे, त्यावर सरळ तीस टक्के कमी. दीडशे नग आहेत, ते संपले की ही ऑफर संपली. आणि लाल स्टिकरचा माल तीन हजारांच्या बिलात धरला जाणार नाही, हे आधीच सांगतो.

तिसरी ऑफर खास ताईंसाठी. आजपासून कोजागिरीपर्यंत दीड हजारांच्या वरची नवी साडी घ्या, फॉल-पिको आमच्याकडून मोफत. साडी आठ दिवसांत तयार मिळेल.

सेल धनत्रयोदशीच्या रात्री नऊ वाजेपर्यंत आहे. तारीख दारावरच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिली आहे. घरी नेल्यावर माप बसलं नाही, तर सात दिवसांत बिल आणि लेबलसकट आणा, बदलून देऊ. सेलमधला मालसुद्धा.

साड्या डावीकडे, मुलांचे कपडे समोर, बिलासाठी आज दोन काउंटर आहेत. आजी-आजोबांसाठी खुर्च्या मांडल्यात, पाण्याची सोय आहे. आमच्या दोघी ताई मदतीला आहेत, साडी उलगडून दाखवायला संकोच करणार नाहीत, तुम्हीही मागायला करू नका.

जाताना आपट्याचं पान घेऊन जा. या, आत या. पुन्हा एकदा सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा!"

घड्याळ लावून म्हणून बघा. अडीच-तीन मिनिटांत बसतं.

यातली काही वाक्यं अशीच का?

काकूंचा उल्लेख बघा. उद्घाटनाला मोठा पाहुणा आणला की अर्धा वेळ त्यांची वाट बघण्यात जातो आणि उरलेला त्यांच्या भाषणात. जुन्या गिऱ्हाइकाच्या हातून दिवा लागला की समोरच्या प्रत्येकाला वाटतं, इथे आपल्याला मान आहे. तुमच्या भाषणात काकूंबद्दल जे खरं आहे तेच बोला. त्या पहिल्या आठवड्यात आल्या नव्हत्या तर तसं म्हणू नका, शेजारी लगेच ओळखतात.

प्रत्येक ऑफरची अट त्या ऑफरच्या पुढच्याच वाक्यात आली आहे. "पैठणी नाही", "लाल स्टिकर बिलात धरणार नाही". खूप जण घाबरतात, की 'नाही' म्हटलं तर उत्साह जाईल. खरं तर माइकवर ऐकलेला 'नाही' कोणाला लागत नाही, कारण तो सगळ्यांना सारखाच असतो. तोच 'नाही' काउंटरवर, साडी निवडून झाल्यावर, शेजारणीसमोर ऐकला की अपमान वाटतो.

लाल स्टिकरच्या मालाला "गेल्या हंगामातला" असंच म्हटलंय. "नवा माल तीस टक्के कमी" म्हणायचा मोह होईल. पण साडीचा काठ बघून ताई सांगतात की ही गेल्या वर्षीची डिझाइन आहे. एकदा हे उघडं पडलं, की तुमच्या बाकी दोन ऑफरवरही शंका येते.

मुदत सांगताना "धनत्रयोदशीच्या रात्री नऊ वाजेपर्यंत" म्हटलंय. नुसतं "धनत्रयोदशीपर्यंत" म्हटलं की तो दिवस धरून की सोडून, हा वाद उभा राहतो. "दिवाळीपर्यंत" तर अजिबात नको. कोणाची दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते, कोणाची भाऊबीजेला संपते. तिथी तोंडी सांगा, तारीख आणि वार बोर्डवर लिहा.

आकडे दोनदा आले आहेत, "तीन हजारांना तीनशे, सहा हजारांना सहाशे." रस्त्यावर हॉर्न वाजत असतो, पहिल्यांदा अर्ध्यांना ऐकूच येत नाही. शिवाय असं जोडीने म्हटलेलं लक्षात राहतं आणि लोक घरी जाऊन तसंच सांगतात.

माइकवर काय बोलायचं नाही

इथे थोडं कायद्याचं ऐका, कारण बरेच जण समजतात की छापलं तरच अडचण, बोललेलं हवेत जातं. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात तोंडी विधानसुद्धा येतं. म्हणजे माइकवरचं खोटं आणि पत्रकावरचं खोटं, दोन्ही सारखंच.

या व्याख्येतल्या तीन गोष्टी आपल्या सेलला थेट लागू होतात.

एक, वस्तू एरवी ज्या किमतीला विकली जाते त्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं. साडी वर्षभर १४०० ला विकली, सेलच्या आदल्या रात्री २००० चं लेबल लावलं आणि "३० टक्के कमी, फक्त १४००" असं ओरडलं, तर ती सूट नाही, फसवणूक आहे. गावातल्या बायकांना तुमच्या साडीचा भाव तोंडपाठ असतो, त्यामुळे हे पकडायला कायद्याचीही गरज पडत नाही.

दोन, स्वस्तात देण्याचा इरादा नसताना, किंवा पुरेसा माल नसताना स्वस्त किमतीची जाहिरात करणं. "९९ रुपयांत साडी!" म्हणून गर्दी जमवायची आणि नग ठेवायचे पाच, असं करू नका. म्हणून तर आपण भाषणात "दीडशे नग आहेत" असं स्पष्ट सांगितलं.

तीन, लकी ड्रॉ. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. विक्री वाढवण्यासाठी लॉटरी किंवा नशिबाचा खेळ ठेवणं याच व्याख्येत मोडतं. बाजारात सगळे करतात, मान्य आहे. पण "खरेदीवर कूपन, सोडतीत मिक्सर" असं जाहीर करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. तेच पैसे फॉल-पिकोसारख्या प्रत्येकाला मिळणाऱ्या गोष्टीवर घातले तर कोणी रिकाम्या हाताने जात नाही.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हेही सरसकट जाहीर करू नका. बदोष मालाची गोष्ट वेगळी आहे. फाटका किंवा डागाळलेला निघालेला माल परत घ्यायला नकार देणं याच कायद्यात अनुचित धरलंय. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर ३० दिवसांत. माप न बसणं ही आपली स्वतःची सवलत आहे, तिला सात दिवस ठेवलेत ते चालतं. दोन्हींचे नियम बिलावर वेगवेगळे छापा.

आणि स्वतः माइकबद्दल. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी विचारून अर्ज करा. सणाच्या तोंडावर तिथे गणपती-नवरात्र मंडळांचेही अर्ज असतात.

आदल्या दिवशीची तालीम

भाषण पाठ करू नका. पाठ केलेलं एका जागी अडकलं की पुढचं सगळं जातं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर फक्त पाच ओळी मोठ्या अक्षरात लिहा: काकू, ३००० ला ३००, लाल ३० टक्के (१५० नग), फॉल-पिको कोजागिरीपर्यंत, धनत्रयोदशी रात्री ९. अटी लाल पेनाने लिहा, "पैठणी नाही", "गणवेश नाही". हातात पुठ्ठा दिसला तर काही बिघडत नाही. उलट लोकांना वाटतं, हा माणूस आकडे बघून बोलतोय.

मग दुकानातल्या दोघींना समोर बसवा आणि भाषण म्हणा. संपल्यावर त्यांना चार प्रश्न विचारा. "माझं बिल साडेपाच हजार झालं, किती कमी?" उत्तर तीनशे. "चार हजारांच्या बिलात एक हजारांची लाल स्टिकरची साडी आहे, मग?" उरलेला नवा माल तीन हजारांचा, त्यावर तीनशे. "पैठणी सोळा हजारांची, फॉल-पिको मोफत का?" इथे बहुतेक दुकानात शांतता पसरते! कारण भाषणात पैठणी पहिल्या ऑफरमधून वगळली, तिसरीबद्दल काही बोललोच नाही. मग आत्ताच ठरवा. माझं मत विचाराल तर द्या, ८० रुपयांसाठी सोळा हजारांच्या गिऱ्हाइकाला नाराज करू नका. पण ठरवा आज, काउंटरवर नाही. चौथा प्रश्न, "लक्ष्मीपूजनाला आलो तर?" उत्तर, सेल संपलेला असेल. ही चारही उत्तरं दोघींना न अडखळता देता आली, म्हणजे भाषण तयार झालं.

बोर्ड, बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि भाषण, तिन्हीत एकच शब्द हवेत. बोर्डवर "सूट", बिलात काही वेगळंच आणि तोंडी तिसरंच असं झालं की शंका सुरू होतात. सूट बिलात वेगळ्या ओळीत दिसू द्या. गिऱ्हाइकाला आपले तीनशे वाचलेले दिसतात, आणि जीएसटीच्या हिशोबातही सूट बिलावर नोंदलेली असणं गरजेचं असतं, तरच कर सूट वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो.

भाषण जमलं की नाही, कसं ओळखायचं?

टाळ्यांवर जाऊ नका. काउंटरवर एक कोरा कागद ठेवा आणि पहिल्या तासात गिऱ्हाईक जे विचारतील ते लिहायला सांगा. "हे कोणत्या रंगात आहे?" असे प्रश्न आले तर भाषण जमलं, लोक थेट मालाकडे वळलेत. एकच प्रश्न चार-पाच जणांनी विचारला, उदाहरणार्थ "ड्रेस मटेरियलला पण लागू आहे का?", तर ते वाक्य नीट पोचलं नाही. ते बदला. संध्याकाळी सोनं वाटायला बाहेर पडलेले लोक पुन्हा दुकानासमोरून जातात, तेव्हा दोन मिनिटांत परत बोलायची संधी असतेच.

आणि समजा, सगळी काळजी घेऊनही तोंडून चूक गेलीच? "संपूर्ण दुकानात" निघून गेलं? तर तिथेच थांबा. माइक खाली ठेवण्याआधी हसून म्हणा, "माफ करा मंडळी, जोशात चुकलो. सूट नव्या मालावर आहे, पैठणी सोडून. बरोबर तेच पुन्हा सांगतो." लोक हसतील आणि विसरून जातील. ती दुरुस्ती त्याच व्हिडिओत रेकॉर्ड होते, हे महत्त्वाचं. आपल्या त्या दुकानदारांनी दुपारी बोर्डवर खडूने दुरुस्ती केली होती. ती कोणी वाचलीच नाही.

पुढच्या दसऱ्याला ते पुन्हा माइकसमोर उभे राहिले. हातात पुठ्ठा, त्यावर लाल अक्षरात "निवडक". अडीच मिनिटं बोलले. दुपारी त्याच पैठणीवाल्या ताई आल्या. म्हणाल्या, "भाऊ, या वेळी पैठणीवर नाही म्हणालात ना? मग दोन ड्रेस दाखवा, तीन हजार करून टाकू."

चला तर मग, वही उघडा, आधी हिशोब करा आणि मग तुमचं भाषण लिहा. भेटूया पुढच्या धड्यात. शुभ दसरा!